दिवाळीची गर्दी की धंद्याची वाढ? मागच्या वर्षाशी आठवड्यांची तुलना नेमकी कशी करायची

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना ऑक्टोबरमध्ये हमखास पडणारा प्रश्न म्हणजे ऑर्डरी दुप्पट झाल्या, पण धंदा वाढला का? त्याचं उत्तर मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करून शोधायचं, इथवर सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो ‘तोच आठवडा’ कोणता यावर. इंग्रजी कॅलेंडरचा ४२वा आठवडा आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपलं गिऱ्हाईक दुसरा आठवडा पाळतं.

हा लेख एवढ्याच कामाचा आहे. दोन वर्षांची रोजची विक्री घेऊन दिवाळीचा फुगवटा वेगळा काढायचा आणि उरलेल्यात खरी वाढ किती ते बघायचं. साधी स्प्रेडशीट पुरते. पहिल्या वेळी अर्धा दिवस जाईल, पुढच्या वर्षी तासाभरात होईल.

आधी हे जवळ घ्या

- किमान दोन वर्षांच्या ऑर्डरींची यादी, प्रत्येक ऑर्डरच्या तारखेसह. तीन वर्षांची मिळाली तर उत्तम.
- प्रत्येक वर्षाच्या लक्ष्मीपूजनाची तारीख.
- तुम्ही कधी सवलत दिलीत, जाहिरातीवर कधी खर्च केलात आणि कोणता माल कधी संपला होता, याची नोंद. ती कुठेच लिहिलेली नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने मेसेज आणि जाहिरातींची बिलं चाळून उभी करा.
- रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डरींची वेगळी यादी.

## १. रोजचा आकडा स्वच्छ करा

ऑर्डर ज्या दिवशी दिली गेली तीच तारीख धरा. माल निघाला ती तारीख किंवा खात्यात पैसे जमा झाले ती तारीख चालणार नाही. दिवाळीच्या आधी गोदामात माल साचतो आणि कुरिअर उशिरा उचलतं, त्यामुळे निघाल्याच्या तारखेवर मांडलेली विक्री दोन-तीन दिवस पुढे सरकलेली दिसते. ती सरकही दर वर्षी सारखी नसते.

काही प्रणाल्या वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे नोंदवत नाहीत, साडेपाच तास मागे ठेवतात. अशा यादीत मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या ऑर्डरी आदल्या दिवशी पडतात. सणाच्या दिवसांत लोक रात्री उशिरापर्यंत फोनवर खरेदी करत असतात, तेव्हा हा आकडा छोटा नसतो. ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या यादीत सगळ्यात शांत वेळ रात्री दहा-अकराची दिसत असेल, तर घड्याळ मागे आहे. मग आणखी एका स्तंभात हे सूत्र घाला, भारतीय तारीख मिळेल:

```
=INT(A2+TIME(5,30,0))
```

परत आलेल्या मालाचा सापळा यापेक्षा मोठा आहे. मागच्या वर्षीच्या ऑर्डरींमधले सगळे परतावे, दारातून परत आलेली आरटीओची पार्सलं, सगळं आता हिशेबात बसून गेलेलं असतं. यंदाच्या दिवाळीतला माल मात्र अजून परत येतोच आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘परतावे वजा जाता’ तुलना केलीत, तर यंदाचं वर्ष फुकटचं चांगलं दिसेल. कॅश ऑन डिलिव्हरीचं प्रमाण जास्त असेल तर फारच. म्हणून दोन्ही वर्षं परतावे न वजा करता ठेवा, किंवा दोन्ही वर्षांत ऑर्डर दिल्यापासून तितक्याच दिवसांत आलेले परतावे वजा करा. मी पहिला मार्ग घेतो आणि परताव्याचं प्रमाण वेगळं बघतो.

तुलना रुपयांत करायची की ऑर्डरींच्या संख्येत? सुरुवात संख्येपासून करा. रुपयांत भाववाढ, सवलत आणि कर तिन्ही मिसळलेले असतात.

## २. आठवडे लक्ष्मीपूजनापासून मोजा

२०२२ ते २०२६ या वर्षांतलं लक्ष्मीपूजन महाराष्ट्रात असं येतं:

| वर्ष | लक्ष्मीपूजन | वार |
|---|---|---|
| २०२२ | २४ ऑक्टोबर | सोमवार |
| २०२३ | १२ नोव्हेंबर | रविवार |
| २०२४ | १ नोव्हेंबर | शुक्रवार |
| २०२५ | २१ ऑक्टोबर | मंगळवार |
| २०२६ | ८ नोव्हेंबर | रविवार |

चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, म्हणून दिवाळी दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. मग अधिक मास पडला की एकदम अडीच-तीन आठवडे पुढे जाते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे २०२२ च्या दिवाळीपासून २०२३ ची दिवाळी ३८४ दिवसांवर आली, तर २०२४ ते २०२५ हे अंतर ३५४ दिवसांचंच होतं. बरोबर वर्षभर मागे जाऊन काही उपयोग नाही तो यामुळे.

२०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी अमावास्या दोन दिवसांत विभागली गेली होती, आणि देशात बऱ्याच ठिकाणी लक्ष्मीपूजन एक दिवस आधी झालं. तुमचं गिऱ्हाईक मुख्यतः महाराष्ट्राबाहेरचं असेल तर ३१ ऑक्टोबर आणि २० ऑक्टोबर धरा. दोन्ही वर्षांना एकच रीत लावली की झालं.

आता पत्रकात रोजची तारीख A स्तंभात, ऑर्डरींची संख्या B मध्ये आणि त्या वर्षाचं लक्ष्मीपूजन F1 मध्ये लिहा. प्रत्येक वर्षासाठी वेगळं पान ठेवा. C स्तंभात हे सूत्र:

```
=INT((A2-$F$1)/7)
```

यातून प्रत्येक दिवसाला आठवड्याचा क्रमांक मिळतो. लक्ष्मीपूजनापासून पुढचे सात दिवस म्हणजे आठवडा ०, त्यात पाडवा आणि भाऊबीज आली. त्याआधीचे सात दिवस म्हणजे आठवडा −१, त्यात धनत्रयोदशी आली. त्याही आधीचे −२, असं मागे जायचं. मग एकेका आठवड्याची बेरीज:

```
=SUMIF(C:C,-1,B:B)
```

इथे `INT` च्या जागी `TRUNC` किंवा `ROUND` वापरू नका. `TRUNC` शून्याच्या दोन्ही बाजूंचे दिवस शून्यातच टाकतं, त्यामुळे आठवडा ० तेरा दिवसांचा होतो आणि दिवाळीआधीची सगळी गर्दी त्यात जाऊन बसते. खात्री करायची तर प्रत्येक क्रमांक किती वेळा आला ते मोजा. प्रत्येक ठिकाणी सातच यायला हवेत. `WEEKNUM` ला तर या कामात हातच लावू नका, ते इंग्रजी कॅलेंडरचा आठवडा देतं.

लक्ष्मीपूजन एका वर्षी शुक्रवारी आणि दुसऱ्या वर्षी मंगळवारी असलं तरी बिघडत नाही. सात दिवसांच्या प्रत्येक तुकड्यात सगळे वार एकेकदा येतातच. एकेका दिवसाची तुलना करायला जाल तेव्हा मात्र वार आडवा येईल, म्हणून त्या फंदात पडू नका.

या मोजणीचा एक फायदा आपसूक मिळतो. लक्ष्मीपूजनाला खुंटी मानलं की आधीचे सणही आपापल्या जागी येतात, कारण तेही चंद्रावरच चालतात. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि दोन्ही वर्षी लक्ष्मीपूजनाच्या बरोबर ५५ दिवस आधी. म्हणजे दोन्हीकडे आठवडा −८. दसरा एका वर्षी २० दिवस आधी, दुसऱ्या वर्षी १९, म्हणजे दोन्हीकडे आठवडा −३. राखीपौर्णिमा −११ मध्ये. पितृपक्षातली मंदीही दोन्ही वर्षी −७ ते −५ या टप्प्यात सापडते.

पण ही खुंटी वर्षभर पुरत नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ मध्ये आल्यामुळे गुढीपाडवा ते दिवाळी हे अंतर २३४ दिवसांचं झालं, २०२५ मध्ये ते २०५ होतं. पाडव्याच्या विक्रीची तुलना करायची तर खुंटी पाडव्याचीच घ्या.

## ३. आधी चुकीची तुलना करून बघा

हे मुद्दाम करा. तुमच्या सहकाऱ्याला किंवा भागीदाराला पटवायचं असेल तर याचा जास्त उपयोग होतो. पुढे मी एक कल्पित दुकान घेतो. ते चादरी, पडदे, तोरणं ऑनलाइन विकतं. आकडे समजण्यापुरते आहेत, तारखा मात्र खऱ्या आहेत.

इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे २०२५ चा १३ ते १९ ऑक्टोबर हा आठवडा २०२४ च्या १४ ते २० ऑक्टोबरसमोर येतो. यंदा ७७० ऑर्डरी, मागच्या वर्षी ४४०. वाढ ७५ टक्के! मालक खूश, नवं गोदाम बघायला निघाला. दोनच आठवड्यांनी २७ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबरची तुलना २८ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर २०२४ शी होते. यंदा १२०, मागच्या वर्षी ४००. घट ७० टक्के.

धंदा पंधरा दिवसांत वर-खाली झालेला नाही. पहिल्या तुलनेत यंदाची ऐन दिवाळी मागच्या वर्षीच्या दसऱ्यानंतरच्या निवांत दिवसांसमोर उभी होती, दुसऱ्या तुलनेत उलट. लागोपाठ काही आठवडे भरघोस वाढ आणि लगेच तितकीच मोठी घट असं चित्र दिसलं, की बाकी काही तपासण्याआधी सणाची तारीख सरकली आहे का ते बघा.

महिन्याची तुलना केली तर हे टळेल असं वाटतं, पण टळत नाही. २०२५ ची सगळी दिवाळी ऑक्टोबरात संपली, २०२४ ची ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उंबरठ्यावर होती. दोन महिने मिळून बघितलं तर बरंचसं जुळतं, पण मग गर्दी आणि रोजची विक्री यांचा गोळा होतो आणि जे शोधायचं तेच हरवतं.

## ४. साधे आठवडे वेगळे काढा

खरी वाढ शोधायची जागा ही आहे. ज्या आठवड्यांत सण नाही, मोठी सवलत नाही, असे आठवडे दोन्ही वर्षांत शोधा. इथे मात्र खुंटी लक्ष्मीपूजनाची नको. साध्या आठवड्यांवर शाळा, पाऊस, पगार यांचा परिणाम असतो, आणि ते इंग्रजी तारखेने चालतात. म्हणून बरोबर ३६४ दिवस मागे जा. ३६५ नव्हे, ३६४. म्हणजे ५२ पूर्ण आठवडे होतात आणि सोमवारासमोर सोमवार येतो.

२०२४ आणि २०२५ साठी दोन टप्पे चांगले सापडतात. एक, १६ जून ते १३ जुलै २०२५, त्यासमोर १७ जून ते १४ जुलै २०२४. दुसरा, २४ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर २०२५, त्यासमोर २५ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर २०२४. नोव्हेंबरअखेरचा ब्लॅक फ्रायडे दोन्ही वर्षी याच टप्प्याच्या पहिल्या आठवड्यात येतो, त्यामुळे तोही जुळतो.

डिसेंबरचा टप्पा एवढा उशिरा का? दिवाळीनंतर विक्री नेहमीच्या पातळीच्या खाली जाते. लोकांनी चादरी आत्ताच घेतलेल्या असतात. ही ओहोटी संपायच्या आत मोजाल तर साधी पातळी कमी दिसेल, आणि दिवाळी ज्या वर्षी उशिरा असेल त्या वर्षी जास्तच कमी दिसेल.

आपल्या दुकानाचे साधे आठवडे असे निघाले:

| टप्पा (४ आठवडे) | २०२४ | २०२५ | बदल |
|---|---|---|---|
| जून–जुलै | ८०० | ८३२ | ४% |
| नोव्हेंबर–डिसेंबर | ८४० | ८७२ | ३.८% |

दोन्ही टप्पे एकच सांगतात की वाढ चार टक्क्यांच्या आसपास आहे. मघाचे ७५ टक्के आणि हे चार टक्के.

चार टक्क्यांवरही लगेच विश्वास टाकू नका. ऑर्डरींची संख्या काहीच न बदलता आपोआप डोलत असते. ढोबळ अंदाज असा की एखाद्या संख्येचं वर्गमूळ घेतलं की तिची नैसर्गिक डोलण मिळते. दोन संख्यांमधला फरक तपासायचा तर दोन्हींची बेरीज करून तिचं वर्गमूळ घ्या. आपल्याकडे दोन्ही टप्पे मिळून २०२४ मध्ये १६४०, २०२५ मध्ये १७०४, म्हणजे फरक ६४ चा. बेरीज ३३४४, वर्गमूळ सुमारे ५८. फरक डोलणीएवढाच आहे! वाढ नसेलच असं नाही, पण ती आहे असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. फरक डोलणीच्या दुप्पट झाला की मी तो मोजण्यालायक धरतो. ज्यांच्या ऑर्डरी आठवड्याला वीस-पंचवीस आहेत त्यांनी एकेका आठवड्याचे टक्के काढूच नयेत, आठ-दहा साधे आठवडे एकत्र करूनच बघावं.

## ५. दिवाळीचा टप्पा समोरासमोर ठेवा

आता क्रमांक दिलेले आठवडे घ्या. टप्पा −४ पासून +२ पर्यंत:

| आठवडा | २०२४ | २०२५ |
|---|---|---|
| −४ | २६० | २८० |
| −३ (दसरा) | ३८० | ४३० |
| −२ | ५२० | ६९० |
| −१ (धनत्रयोदशी) | ६४० | ७६० |
| ० (लक्ष्मीपूजन ते भाऊबीज) | १५० | १५० |
| +१ | १४० | १२० |
| +२ | १७० | १४० |
| एकूण | २२६० | २५७० |

आठवडा ० पर्यंतच बेरीज केली तर १९५० वरून २३१०, म्हणजे साडेअठरा टक्के वाढ. ओहोटीचे दोन आठवडे धरले की ती १३.७ टक्क्यांवर येते. मधले पाच टक्के कुठे गेले? यंदा दिवाळीनंतरची ओहोटी जास्त खोल होती. नोव्हेंबरात येणारं काही गिऱ्हाईक ऑक्टोबरातच येऊन गेलं होतं. ओहोटी न धरता केलेली दिवाळीची तुलना जवळपास नेहमीच गोड दिसते, त्यामुळे +१ आणि +२ होईपर्यंत निकाल लावू नका.

हे १३.७ टक्के दोन भागांत मोडा. साधी वाढ चार टक्के, म्हणजे १.०४ पट. दिवाळीच्या टप्प्याची वाढ १.१३७ पट. भागाकार केला की १.०९३ येतो. म्हणजे धंदा चार टक्क्यांनी वाढला आणि त्यावर दिवाळीच सुमारे नऊ टक्क्यांनी मोठी झाली. वजाबाकी करून दहा टक्के म्हटलंत तरी इथे फार बिघडत नाही, पण आकडे मोठे असतील तर भागाकारच करा.

दिवाळीचा फरक डोलणीत बसतो का? ३१० चा फरक, बेरजेचं वर्गमूळ सुमारे ७०. चौपटीपेक्षा जास्त, म्हणजे हा फरक पक्का. चित्र असं की दिवाळी नक्की मोठी झाली आणि बाकीचं वर्ष जवळपास जागेवर आहे.

## ६. वरचे नऊ टक्के कशाचे, ते विचारा

एकेका आठवड्यावर नजर फिरवा. आपल्या उदाहरणात सगळ्यात मोठी उडी आठवडा −२ मध्ये आहे, ५२० वरून ६९०. जास्तीच्या ३१० पैकी १७० एकट्या त्या आठवड्याचे. एकाच आठवड्यात एवढं साठलं असेल तर त्याला बहुधा ठोस कारण असतं, आणि ते तुमच्या नोंदीत सापडतं. मी या क्रमाने बघतो.

पहिलं, मागच्या वर्षी माल संपला होता का. २०२४ मध्ये −२ आठवड्यात सगळ्यात चालणाऱ्या चादरी तीन दिवस शिल्लक नव्हत्या, असं नोंदीत निघालं तर ही उडी यंदाची वाढ नाही, मागच्या वर्षीचा खड्डा आहे. तपासायला तेवढाच माल बाजूला काढा आणि बाकीच्या मालाची तुलना पुन्हा करा.

दुसरं, सवलतीच्या तारखा. मोठ्या ऑनलाइन बाजारांचे सेल पंचांगाला बांधलेले नसतात. २०२४ मध्ये ते पितृपक्षातच सुरू झाले होते, २०२५ मध्ये सर्वपित्री अमावास्या उलटल्यावर. तुम्ही तिथे विकत असाल तर सेलचे दिवस क्रमांकाच्या आठवड्यांत सारखे पडणारच नाहीत. अशा वेळी तुमच्या स्वतःच्या साइटची आणि तिथली विक्री वेगवेगळी मांडा.

तिसरं, पगार. २०२४ ची दिवाळी महिनाअखेरीला लागून आली, २०२५ ची तिसऱ्या आठवड्यात. त्यामुळे २०२५ मध्ये महिन्याच्या सुरुवातीचा पगार −३ आणि −२ मध्ये खर्च झाला. एकूण टप्प्याची बेरीज घेतली की हे बरंचसं मिटतं. एकट्या आठवड्यावरून बोलू नये ते यासाठीच.

आणि २०२५ पुरतं चौथं, जीएसटी. नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले, पण दर कमी होणार याची कुणकुण १५ ऑगस्टपासूनच होती. एसी, मोठे टीव्ही यांचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. असा माल विकणाऱ्यांकडे सप्टेंबरच्या सुरुवातीला लोक थांबून राहिले आणि मग एकदम आले. तुमच्या मालाचा दर बदलला असेल तर टप्पा −४ पासून न धरता −८ पासून धरा, म्हणजे थांबलेले आणि नंतर आलेले दोन्ही एकाच बेरजेत येतील. रुपयांची तुलना करायची असेल तर कर वगळून करा.

## ७. दिवाळीचं गिऱ्हाईक परत येतं का ते मोजा

दिवाळीची गर्दी आणि खरी वाढ या अगदी अलग गोष्टी नाहीत. दिवाळीत पहिल्यांदा आलेला माणूस जूनमध्ये परत आला, तर तो वाढ झाला. म्हणून २०२४ च्या टप्प्यात ज्यांनी तुमच्याकडून पहिल्यांदाच खरेदी केली त्यांची यादी करा, फोन नंबरावरून ओळखा. त्यातले किती जण पुढच्या साध्या आठवड्यांत परत आले ते मोजा. पुढच्या दिवाळीत आलेले इथे धरू नका, ते वेगळे लिहा. मग हेच प्रमाण साध्या आठवड्यांत पहिल्यांदा आलेल्यांचं काढा. दोन्ही गटांना तेवढेच महिने द्या, नाहीतर आधी आलेल्यांना उगाच जास्त संधी मिळते.

घरसजावटीच्या दुकानात दिवाळीचा गट मागे पडलेला दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका. भेट म्हणून घेणारा माणूस स्वतःसाठी घेत नसतो. पण हा गट बराच मागे असेल, तर दिवाळीत नवं गिऱ्हाईक मिळवायला लावलेला जाहिरातखर्च त्या एकाच ऑर्डरीतून सुटतो का, एवढंच बघायचं. पुढच्या खरेदीच्या आशेवर तो लावू नका.

## ८. पुढच्या दिवाळीचा तक्ता आत्ताच मांडा

२०२६ चे आठवडे असे पडतात: −४ म्हणजे ११ ते १७ ऑक्टोबर, −३ म्हणजे १८ ते २४, −२ म्हणजे २५ ते ३१, −१ म्हणजे १ ते ७ नोव्हेंबर, आणि आठवडा ० म्हणजे ८ ते १४ नोव्हेंबर. दसरा पुन्हा −३ मध्येच आहे.

प्रत्येक आठवड्यासमोर दोन अंदाज लिहा. एक, फक्त साधी वाढ धरून. −१ आठवड्याचे ७६० गुणिले १.०४, म्हणजे सुमारे ७९०. दुसरा, दिवाळीही तेवढ्याच वेगाने वाढेल असं धरून. ७६० गुणिले १.१३७, म्हणजे सुमारे ८६५. पॅकिंगचा माल आणि हंगामी माणसं मोठ्या आकड्यावर ठरवा, कारण ती दोन महिन्यांनी संपतात. भाड्याची जागा आणि कायमची माणसं साध्या आठवड्यांच्या आकड्यावर.

आणि २०२६ च्या ऑक्टोबरात एक गोष्ट नक्की होणार आहे, ती आधीच सगळ्यांच्या कानावर घाला. १२ ते १८ ऑक्टोबरचा आठवडा कॅलेंडरप्रमाणे २०२५ च्या ऐन गर्दीच्या, ७७० ऑर्डरींच्या आठवड्यासमोर येईल. आपल्या दुकानात तेव्हा −४ चालू असेल आणि तीनशेच्या आसपास ऑर्डरी येतील. पत्रकावर ६० टक्के घट दिसेल, कुणीतरी घाबरून मोठी सवलत काढायला सांगेल. तेव्हा २०२५ चा −४ समोर ठेवा: तिथे २८० होत्या.